चांदणीखालची ओळ

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात कुठल्याही मराठी वर्तमानपत्राची पुरवणी उघडली, की पानभर पसरलेल्या जाहिरातींत एक लहानशी चांदणी हटकून सापडते. ‘सर्व साड्यांवर 50 टक्के सूट’ या ठळक ओळीच्या शेवटी ती असते आणि पानाच्या अगदी तळाशी, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत, तिचं उत्तर असतं: अटी लागू. निवडक मालावर. ऑफर दिवाळीपर्यंत किंवा स्टॉक असेपर्यंत. वरची ओळ ठरवायला दुकानाचे मालक, व्यवस्थापक आणि जाहिरात करणारा अशी तीन-चार माणसं तासभर बसलेली असतात. खालची ओळ मात्र बहुतेक वेळा गेल्या वर्षीच्या फाइलमधून उचलून चिकटवली जाते. मग सणाच्या गर्दीत, रांगेत मागे वीस माणसं उभी असताना, काउंटरवर जो वाद होतो तो याच खालच्या ओळीवरून होतो.

या वादात गिऱ्हाइकाला फसवण्याचा हेतू प्रत्येक वेळी असतोच असं नाही. पुष्कळदा दुकानदाराच्या मनात योजना स्पष्ट असते, पण ती कागदावर उतरलेली नसते. त्याच्या डोक्यातलं ‘सर्व’ म्हणजे पैठणी सोडून सर्व. त्याच्या डोक्यातली ‘दिवाळी’ म्हणजे भाऊबीज. वाचणाऱ्याला हे कळायला मार्ग नसतो. म्हणून ही ओळ लिहिणं हे वेगळं कामच आहे, आणि त्याचे काही नियम भारतात आता कायद्यानेच घालून दिलेले आहेत.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 जुलै 2020 मध्ये अमलात आला आणि त्याच महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं. या प्राधिकरणाने 9 जून 2022 रोजी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वं जारी केली. त्यांत जाहिरातीच्या खुलाशासाठी, म्हणजे आपल्या या चांदणीखालच्या ओळीसाठी, एक स्वतंत्र कलम आहे. त्याचा गाभा साधा आहे. खुलाशाने वरच्या दाव्याचा अर्थ उलगडावा, त्याच्या मर्यादा सांगाव्यात, संदिग्धता असेल तर ती दूर करावी. पण खुलाशाने मूळ दाव्याला छेद देता कामा नये, महत्त्वाची माहिती दडवता कामा नये, आणि वर दिशाभूल करणारं काही लिहून खाली ते दुरुस्त करण्याचा प्रयत्नही करता कामा नये.

‘सर्व साड्यांवर सूट’ आणि खाली ‘निवडक साड्यांवरच’ ही जोडी या नियमात बसत नाही. ‘सर्व’ आणि ‘निवडक’ एकमेकांना खोटं पाडतात. ‘साड्यांवर 30 टक्के सूट’ आणि खाली ‘सूट छापील किमतीवर मोजली जाईल’ ही जोडी मात्र बसते, कारण खालची ओळ वरच्या ओळीचा हिशेब सांगते, ती मागे घेत नाही. हा फरक एकदा लक्षात आला की निम्म्या जाहिराती कुठे चुकतात ते दिसू लागतं.

ऑगस्ट 2025 मधलं रॅपिडोचं प्रकरण याचं बोलकं उदाहरण आहे. सणाची ऑफर नव्हती ती, पण चूक अगदी त्याच जातीची होती. ‘पाच मिनिटांत रिक्षा, नाहीतर 50 रुपये मिळवा’ अशी या कंपनीची जाहिरात देशभरातल्या शंभराहून अधिक शहरांत, अनेक भाषांमधून, दीड वर्ष चालली. प्राधिकरणाने चौकशी केली तेव्हा खुलाशाची अक्षरं वाचता न येण्याइतकी बारीक असल्याचं आढळलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मिळणार होते ते 50 रुपये नव्हतेच. मिळणार होती ‘50 रुपयांपर्यंत’ची रॅपिडोची नाणी. ती फक्त बाइकच्या फेरीसाठी वापरता येत होती आणि सात दिवसांत संपत होती. शिवाय अटींमध्ये असंही होतं की हमी कंपनीची नसून त्या त्या चालकाची आहे. प्राधिकरणाने 10 लाख रुपये दंड केला, जाहिरात थांबवायला लावली आणि ज्यांनी ऑफर घेतली पण ज्यांना 50 रुपये मिळाले नाहीत त्यांना ते परत देण्याचा आदेश दिला.

या प्रकरणात जाहिरातीचे शब्द एकेक करून पाहण्यासारखे आहेत. ‘50 रुपये’ हे वर. ‘पर्यंत’, ‘नाणी’, ‘फक्त बाइकसाठी’, ‘सात दिवस’ हे सगळं खाली. यातली एकही गोष्ट किरकोळ नाही. रिक्षासाठी थांबलेल्या माणसाला त्याचा मोबदला बाइकवर बसूनच वसूल करता येतो, हे आधी कळलं असतं तर कित्येकांनी ऑफरकडे पाहिलंही नसतं. चांदणीखाली काय जाऊ शकतं आणि काय नाही, हे ठरवायला हाच निकष सर्वांत उपयोगी पडतो. जी अट वाचल्यावर बरीच गिऱ्हाइकं घरातून निघालीच नसती, ती अट वरच्या ओळीच्या शेजारीच हवी.

खुलाशाच्या त्याच कलमात आणखी एक नियम आहे, आणि महाराष्ट्रातल्या जाहिरातींत तो सर्रास मोडला जातो. दावा ज्या भाषेत, त्याच भाषेत खुलासा हवा, आणि अक्षरांचा टंकही तोच हवा. साधारण दृष्टी असलेल्या माणसाला वाजवी अंतरावरून, वाजवी वेगाने, एकदाच वाचून तो समजला पाहिजे. आता चौकातले फलक आठवून पाहावेत. ‘आली दिवाळी, करा खरेदी’ हे हातभर उंच देवनागरीत आणि तळाला ‘टर्म्स अँड कंडिशन्स अप्लाय’ हे रोमन लिपीत, बोटाच्या पेराएवढं. ज्याला मराठीतून बोलावलं त्याला अटीही मराठीतूनच सांगायला हव्यात, आणि फलक रस्त्यावरून वाचायचा असेल तर त्या रस्त्यावरून दिसायला हव्यात. तेवढी जागा नसेल तर फलकावर ऑफरच कमी शब्दांत आणि कमी अटींची लिहावी लागते. पुष्कळदा तोच चांगला उपाय ठरतो.

यानंतरचा मोठा घोळ शेवटच्या तारखेचा. ‘ऑफर दिवाळीपर्यंत’ हे वाक्य इतकं ओळखीचं आहे की त्यात काही राहून गेलंय असं वाटतच नाही. पण दिवाळी संपते कधी? महाराष्ट्रात साधारणपणे वसुबारसेला सुरू होऊन भाऊबीजेला. काही घरांत तुळशीचं लग्न लागेपर्यंत आकाशकंदील उतरत नाही. गोव्यात नरकासुर जाळायची नरकचतुर्दशीची पहाट हाच दिवाळीचा मुख्य दिवस. उत्तर भारतीय गिऱ्हाइकासाठी दिवाळी म्हणजे लक्ष्मीपूजनाची रात्र. पणजीपासून पिंपरीपर्यंत शाखा असलेल्या दुकानाने एकच जाहिरात सगळीकडे दिली, तर ‘दिवाळीपर्यंत’चे तीन-चार वेगळे अर्थ निघतात आणि प्रत्येक गिऱ्हाईक आपापल्या जागी बरोबर असतं.

बरं, लक्ष्मीपूजन लिहिलं तरी भागत नाही. 2024 मध्ये आश्विन अमावास्या 31 ऑक्टोबरच्या दुपारी सुरू झाली आणि 1 नोव्हेंबरच्या संध्याकाळी संपली. उत्तरेकडे बऱ्याच ठिकाणी 31 ऑक्टोबरला दिवाळी झाली, महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला. 2025 मध्ये पुन्हा तेच झालं: तिकडे 20 ऑक्टोबर, इकडे 21. सणाच्या नावावर विसंबलेली ऑफर लागोपाठ दोन वर्षं एका दिवसाने लटकली. ‘पाडव्यापर्यंत’ म्हटलं तर तो दिवाळीचा की चैत्रातला, हा प्रश्न एरवी कुणाला पडणार नाही, पण तेच चित्र फेब्रुवारीत व्हॉट्सॲपवर पुन्हा फिरू लागलं की पडतो. ‘गणपतीपर्यंत’मध्ये तर गणपती येईपर्यंत की जाईपर्यंत, हेच स्पष्ट नसतं. 2025 मध्ये या दोन अर्थांत 27 ऑगस्ट ते 6 सप्टेंबर असं दहा दिवसांचं अंतर होतं.

उपाय लांबलचक नाही. सणाचं नाव सजावटीला ठेवावं आणि तारीख वार, महिना आणि वर्षासकट लिहावी. ‘शुक्रवार 17 ऑक्टोबर 2025 ते गुरुवार 23 ऑक्टोबर 2025 (भाऊबीज), दोन्ही दिवस धरून.’ वार लिहिल्याचा फायदा असा, की तारीख छापताना चूक झाली तर वार आणि तारीख जुळत नाहीत आणि छापखान्यातच ती पकडली जाते. वर्ष लिहिल्याने जुना फलक किंवा पुढे ढकललेला फोटो आपोआप बाद ठरतो. ‘दोन्ही दिवस धरून’ लिहिलं की ‘23 पर्यंत म्हणजे 22 ला संपली’ असं सांगणारा कॅशियर आणि 23 ला धावतपळत आलेलं गिऱ्हाईक यांच्यातला वाद उरत नाही.

वेळेचंही तसंच. ‘23 ऑक्टोबर, रात्री 12 पर्यंत’ यात 22 आणि 23 च्या मधली मध्यरात्र की 23 आणि 24 च्या मधली, हे वाचणाऱ्याने ठरवायचं असतं. ऑनलाइन दुकानाने ‘रात्री 11.59’ लिहावं. रस्त्यावरच्या दुकानाने सरळ ‘रात्री 9 वाजता दुकान बंद होईपर्यंत’ लिहावं. सणाच्या दिवशी दुकान लवकर बंद होणार असेल, लक्ष्मीपूजनाला संध्याकाळी पूजेसाठी दोन तास शटर ओढणार असतील, तर तेही तिथेच हवं. शेवटच्या दिवशी आठ वाजता कुलूप पाहून परतलेल्या माणसाच्या लेखी ऑफर आठलाच संपलेली असते.

तारखेच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला असतो, आणि तो महागड्या खरेदीत जास्त नडतो. त्या तारखेपर्यंत नेमकं काय व्हायला हवं? दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडी बुक केली आणि ती हातात आली दिवाळीनंतर, तर दसऱ्याची सूट धरायची का? फ्रिजचे पैसे भरले 22 तारखेला, पण गोदामातून माल येऊन बिल झालं 25 ला. गिऱ्हाईक पैसे भरल्याची तारीख धरतं, दुकानाचं संगणकावरचं बिलिंग बिलाची तारीख धरतं. म्हणून ‘23 ऑक्टोबरपर्यंत’च्या पुढे क्रियापद लागतं: ‘पूर्ण पैसे भरलेले असावेत’, ‘बिल झालेलं असावं’ किंवा ‘बुकिंगची पावती या तारखेची असेल तर गाडी नंतर मिळाली तरी सूट कायम’. यातलं कुठलंही निवडायला दुकान मोकळं आहे. न निवडता तारीख नुसती लटकती ठेवायला मात्र मोकळं नाही.

आता एक पूर्ण नमुना घेऊन तो दुरुस्त करून पाहू. दुकान काल्पनिक आहे, जाहिरात मात्र कुठल्याही बाजारपेठेत दिसेल अशीच. ‘दिवाळी महोत्सव! 5,000 रुपयांच्या खरेदीवर 1,000 रुपये सूट!’ आणि चांदणीखाली: ‘निवडक मालावर. इतर ऑफरसोबत लागू नाही. स्टॉक असेपर्यंत. अंतिम निर्णय व्यवस्थापनाचा राहील.’

एक बाई मुलासह खरेदीला येतात. 2,400 रुपयांची सुती साडी घेतात, मुलाला 1,300 रुपयांचा झब्बा-पायजमा, भाचीच्या बाळाला 400 रुपयांचं झबलं-टोपडं. दाराशी ‘20 टक्के सूट’ लिहिलेल्या मांडणीतून 1,500 रुपये छापील किमतीचा पलंगपोस उचलतात, तो 1,200 ला पडतो. छापील किमतींची बेरीज 5,600. प्रत्यक्ष द्यायची रक्कम 5,300. दोन्ही पाच हजारांच्या वर आहेत, म्हणून त्या 1,000 रुपये कमी होण्याची वाट पाहतात. कॅशियर सांगतो, पलंगपोसावर आधीच सूट आहे, तो धरता येत नाही. उरले 4,100. ऑफर बसत नाही.

कॅशियर चुकलेला नाही. मालकाने त्याला तसंच सांगितलंय. बाईंचंही चुकलेलं नाही. ‘5,000 रुपयांची खरेदी’ या तीन शब्दांत तीन वेगवेगळ्या रकमा मावतात आणि जाहिरातीने त्यांपैकी कुठली ते सांगितलं नाही. ‘इतर ऑफरसोबत लागू नाही’ ही ओळ आहे खरी, पण तिचे दोन अर्थ होतात. पलंगपोसावर दुसऱ्यांदा सूट मिळणार नाही, हा एक. पलंगपोसाची किंमत पाच हजारांच्या बेरजेतच येणार नाही, हा दुसरा. बाईंनी पहिला अर्थ घेतला, दुकानाने दुसरा. सणाच्या ऑफरमधले निम्मे वाद या एका ओळीतून निघतात असं म्हणायला हरकत नाही.

दुरुस्त जाहिरात अशी लिहिता येईल. वर ठळक: ‘एका बिलात 5,000 रुपये किंवा त्याहून जास्त खरेदी केल्यास 1,000 रुपये कमी. पैठणी आणि लाल पट्टीचा सेलचा माल सोडून.’ खाली, वाचता येईल अशा अक्षरांत: ‘लाल पट्टीच्या वस्तू, पैठणी, फॉल-पिको, शिलाई आणि गिफ्ट व्हाउचर यांची रक्कम 5,000 च्या बेरजेत धरली जाणार नाही. बेरीज करासह छापील किमतीवर होईल. एका बिलावर सूट एकदाच, 10,000 च्या खरेदीवरही 1,000 रुपयेच. एका दिवसात एका व्यक्तीला कितीही बिलं करता येतील. 17 ते 23 ऑक्टोबर 2025, दोन्ही दिवस धरून, सकाळी 10 ते रात्री 9. बिल या वेळेत झालेलं असावं.’

ही लांबी पहिल्या चांदणीपेक्षा बरीच जास्त आहे, पण यातला प्रत्येक शब्द काउंटरवर विचारल्या जाणाऱ्या एका प्रश्नाचं उत्तर आहे. ‘निवडक मालावर’ गेलं आणि त्याच्या जागी माल ओळखण्याची खूण आली. लाल पट्टी वस्तूवरच असल्यामुळे गिऱ्हाइकाला साडी हातात घेतानाच कळतं, बिलाच्या वेळी नाही. वगळलेल्या गोष्टींची यादी लिहिताना पाळायची हीच मुख्य खबरदारी. ज्या नावाने वस्तू दुकानात ओळखली जाते किंवा जी खूण तिच्यावर दिसते, तेच नाव किंवा खूण यादीत हवी. ‘प्रीमियम कलेक्शन वगळून’ लिहिलं, पण मांडणीवर कुठेही ‘प्रीमियम कलेक्शन’ लिहिलेलं नसेल, तर ती यादी दुकानातल्या लोकांपुरतीच राहते. वगळायच्या गोष्टी दहा-बारा होऊ लागल्या तर बाजू उलटवावी: कशावर सूट नाही हे सांगण्याऐवजी कशावर आहे तेवढंच सांगावं. ‘फक्त सुती साड्या आणि लहान मुलांच्या कपड्यांवर’ ही ऑफर ‘सर्व कपड्यांवर’ इतकी भरदार वाटत नाही, पण ती खरी असते.

‘एका बिलावर एकदाच’ आणि ‘कितीही बिलं’ ही वाक्यं वाचून काही दुकानदार कचरतील. गिऱ्हाईक खरेदी पाच-पाच हजारांत तोडून दोनदा सूट घेईल, अशी भीती त्यांना वाटते. तसं नको असेल तर ‘एका व्यक्तीला एकदाच’ लिहावं, पण मग ते मोबाइल नंबरवरून की ओळखपत्रावरून पाहणार हेही ठरवावं लागतं. नवरा-बायकोचे दोन नंबर असतात. जी अट काउंटरवर तपासता येत नाही ती न लिहिलेलीच बरी, कारण ती काही गिऱ्हाइकांना लागते आणि काहींना नाही, आणि ज्यांना लागते त्यांना तो अन्याय वाटतो.

‘अंतिम निर्णय व्यवस्थापनाचा’ ही ओळ नव्या जाहिरातीतून काढून टाकली आहे. तिने कुणाचंच काम सोपं होत नाही. अट स्पष्ट असेल तर तिची गरज नाही. अट अस्पष्ट असेल, तर मालकाने स्वतःला अंतिम म्हणवून घेतल्याने गिऱ्हाइकाचा ग्राहक आयोगाकडे जाण्याचा हक्क संपत नाही.

माल परत करण्याचा प्रश्न उरतोच. बाईंनी 5,200 ची खरेदी करून 1,000 ची सूट घेतली आणि दोन दिवसांनी 1,300 चा झब्बा मापात बसत नाही म्हणून परत आणला, तर उरलेली खरेदी 3,900 होते. सूट मागे घ्यायची का? काही दुकानं बदली माल देतात आणि सूट कायम ठेवतात, काही त्या वस्तूच्या वाट्याला आलेली सूट वजा करून पैसे परत करतात. इथे 1,000 पैकी झब्ब्याच्या वाट्याला 250 येतात, म्हणजे परत मिळतील 1,050. पद्धत कुठलीही असो, ती बिलाच्या मागे छापलेली असावी. माल सदोष निघाला तर गोष्ट निराळी. तो परत घ्यायला नकार देणं ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथाच आहे, सेलचा माल असला तरी.

कराचा मुद्दा याच नमुन्यात ‘करासह छापील किमतीवर’ या शब्दांत आला आहे, आणि त्यामागे एक निवाडा आहे. ‘फ्लॅट 40 टक्के सूट’ अशी जाहिरात करून, सूट वजा केलेल्या किमतीवर वेगळा व्हॅट लावल्याबद्दल वुडलँड या नावाने दुकानं चालवणाऱ्या एरो क्लब या कंपनीविरुद्ध तक्रार झाली होती. जानेवारी 2017 मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ती ग्राहकाच्या बाजूने उचलून धरली. छापील कमाल किरकोळ किमतीत सगळे कर आलेलेच असतात, मग ‘फ्लॅट’ सूट दिल्यावर त्यावर पुन्हा कर घेतला की सूट सांगितली तेवढी राहत नाही, असा त्यामागचा विचार. व्हॅट जाऊन जीएसटी आला तरी हिशेब तोच आहे. 2,000 रुपये छापील किमतीवर 40 टक्के सूट म्हणजे गिऱ्हाइकाने 1,200 द्यायचे. त्यावर 5 टक्के चढवून 1,260 मागितले तर सूट 37 टक्क्यांवर येते. ‘कर वेगळा’ ही चांदणीखालची ओळ इथे दुकानदाराला वाचवू शकली नाही, कारण ती वरच्या 40 टक्क्यांना खोटं पाडत होती.

‘पर्यंत’ हा शब्द तारखेइतकाच टक्केवारीलाही चिकटतो. ‘बँकेच्या कार्डावर 10 टक्के सूट’ आणि खाली ‘कमाल 1,500 रुपये’ असं असेल, तर 40,000 च्या टीव्हीवर ती सूट पावणेचार टक्केच असते. इथे कमाल रक्कम टक्केवारीच्या लगेच पुढे लिहिणं एवढंच पुरतं: ‘10 टक्के, जास्तीत जास्त 1,500 रुपये’. कॅशबॅक असेल तर तो बिलातून कमी होणार नाही, नंतर खात्यात येणार आहे, आणि किती दिवसांनी, हेही तिथेच हवं. हप्त्यांच्या खरेदीत ‘शून्य टक्के व्याज’ लिहून प्रक्रिया शुल्क खाली टाकणं हाही त्याच घरातला दोष आहे.

‘स्टॉक असेपर्यंत’ या शब्दांवर दुकानदारांची फार भिस्त असते. 2022 च्या तत्त्वांत आमिषाच्या जाहिरातींसाठी वेगळा भाग आहे. त्यानुसार जाहिरात केलेल्या किमतीला वस्तू विकता येईल अशी वाजवी शक्यता आणि पुरेसा साठा असायला हवा. मागणी साठ्यापेक्षा जास्त येईल असा अंदाज असेल तर साठा मर्यादित असल्याचं स्पष्ट सांगायला हवं. म्हणून 999 रुपयांचे मिक्सर पाचच असतील आणि पानभर जाहिरात त्यांचीच असेल, तर ‘स्टॉक असेपर्यंत’ पुरेसं नाही. ‘प्रत्येक शाखेत रोज 5 नग, सकाळी 10 वाजता टोकन’ लिहिलं की लांबून येणारं माणूस स्वतः ठरवू शकतं. माल संपला की फलकावर ‘संपला’ची पट्टी लागायला हवी, आणि मोबाइलवरची जाहिरातही त्याच दिवशी खाली यायला हवी.

मुदत वाढवण्याची सवय हाही याच प्रकारातला दोष. ‘शेवटचे दोन दिवस’ म्हणून आठवडाभर फलक ठेवायचा, मग ‘ग्राहकाग्रहास्तव मुदतवाढ’. नोव्हेंबर 2023 मध्ये ग्राहकांना गोंधळात टाकणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्यांविरुद्ध जी तत्त्वं जारी झाली, त्यांत 13 प्रकार सांगितले आहेत आणि खोटी घाई निर्माण करणं हा त्यांतला एक आहे. पानावर उलटी गिनती करणारं घड्याळ संपलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, ते याच प्रकारात मोडतं. ब्रिटनच्या जाहिरात संहितेत तर ऑफरची जाहीर केलेली शेवटची तारीख अटळ कारणाशिवाय बदलू नये असा स्पष्ट नियम आहे. कारणही पटण्यासारखं आहे: पहिल्या तारखेवर विश्वास ठेवून ज्याने उसनवारी करून घाईने खरेदी केली, त्याला मुदतवाढीने काही मिळत नाही, उलट आपण उगाच पळालो एवढंच कळतं. पाऊस, पूर, संचारबंदी अशा कारणाने दुकानच बंद राहिलं तर मुदत वाढवणं न्याय्य आहे. तेव्हा कारण आणि नवी तारीख दोन्ही लिहावीत.

अटी लिहून झाल्यावर त्या तपासण्याची एक साधी रीत अनुभवी दुकानदार वापरतात. योजना ठरवताना जो हजर नव्हता अशा दोन कर्मचाऱ्यांना जाहिरात देतात आणि त्यांना एकच मिश्र खरेदी, सेलच्या एका वस्तूसकट आणि पाच हजारांच्या काठावरची, वेगवेगळी बसून बिलात घालायला सांगतात. दोघांचं बिल सारखं आलं नाही, तर कर्मचाऱ्यांना समजावत न बसता जाहिरात बदलतात. मग तीच अंतिम ओळ बिलिंगच्या संगणकात भरतात, कारण फलकावर 23 तारीख आणि संगणकात 22 रात्री 12 ला बंद होणारी योजना हा घोळ सणात अगदी नेहमीचा आहे. काउंटरवर जाहिरातीची एक मोठी छापील प्रत ठेवली, की कॅशियरला आवाज चढवावा लागत नाही.

गिऱ्हाइकाच्या बाजूने करण्यासारखं काम एकच आहे, आणि ते खरेदीच्या आधीच करावं लागतं: जाहिरातीचा चांदणीसकट पूर्ण फोटो काढून ठेवणं. नंतर फलक उतरतो, मोबाइलवरचं पान बदलतं आणि वाद फक्त आठवणींचा होतो. फोटो आणि बिल हातात असेल तर आधी दुकानाकडे लेखी तक्रार करावी. मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं. तिथेही निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर तिथे तक्रारीला शुल्क नाही, आणि तक्रार करायला दोन वर्षांची मुदत आहे. 1,000 रुपयांसाठी कुणी आयोगापर्यंत जात नाही असं दुकानदार गृहीत धरतात. वुडलँडच्या प्रकरणात व्हॅटच्या थोड्याशा रकमेसाठी एक ग्राहक राष्ट्रीय आयोगापर्यंत लढला होता.